दुभती म्हैस आणि पाडव्याचा हिशेब

"दाजी, दुभती म्हैस विकायची आणि भाकड जनावराला चारा घालायचा, हा कुठला धंदा सांगताय तुम्ही?"

३० मार्च २०२५, रविवार, गुढीपाडवा. जेवणं उरकली होती, श्रीखंडाच्या सुस्तीत घरातले सगळे आडवे झाले होते आणि मेहुणा तेवढा मोबाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला होता. पाच वर्षांपूर्वी, टाळेबंदीच्या दिवसांत, जमिनीच्या वाटणीचे दहा लाख रुपये त्याच्या हाती आले. तेव्हा आम्ही फोनवर दोन-तीन संध्याकाळी घालवून एक वाटणी ठरवली होती. सहा लाख शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात, चार लाख बँकेत मुदत ठेवीत. हा ६०:४० चा आकडा कुठल्या पुस्तकातून उचललेला नव्हता. मी त्याला एकच विचारलं होतं, बाजार निम्म्यावर आला तर किती पैसे गेलेले पाहून तुला झोप लागेल? थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "दहातले तीन गेले तरी चालेल, त्याहून जास्त नको." सहाचे अर्धे तीन. एवढ्यावरून ६०:४० ठरलं.

त्यानंतर पाच वर्षं त्याने त्याला हात लावला नाही, आणि त्याबद्दल त्याला स्वतःचं कौतुकही होतं. पाडव्याला मोबाइलवर दिसत होते फंडाचे १५ लाख ७५ हजार आणि व्याजासकट ठेवीचे ५ लाख ३५ हजार. एकूण २१ लाख १० हजार. मी भागाकार करून दाखवला. फंडाचा वाटा आता जवळजवळ ७५ टक्के झाला होता. आज बाजार निम्म्यावर आला तर एकूण पैशातले ३७ टक्के जाणार, म्हणजे पावणेआठ लाखांच्याही वर. ज्या माणसाने "दहातले तीन" म्हटलं होतं त्याच्या नावावर आता दहातल्या पावणेचारांचा धोका उभा होता. हा धोका त्याने पत्करलेला नव्हता, त्याचं लक्ष नसताना तो वाढत गेला होता.

म्हणून मी सांगितलं, तीन लाख नऊ हजारांचा फंड वीक आणि ते पैसे ठेवीत टाक, की पुन्हा ६०:४०. यालाच रीबॅलन्सिंग म्हणतात. वर्षातून एकदा वाटणी तपासायची, जे वाढून ठरलेल्या वाट्याबाहेर गेलंय त्यातलं थोडं काढायचं आणि जे मागे पडलंय त्यात घालायचं. बस, एवढंच. त्यावर तो म्हशीवर आला.

त्याचा प्रश्न खोटा नाही. फंडाने पाच वर्षांत अडीच पटीहून जास्त केले आणि ठेवीने चाराचे सव्वापाच. मग तिकडचे काढून इकडे कशाला? याचं नेहमीचं उत्तर असं देतात की, रीबॅलन्सिंग म्हणजे महाग झालेलं विकणं आणि स्वस्तात घेणं, त्यामुळे शेवटी जास्त पैसे मिळतात. ऐकायला हे छान वाटतं. पण आपल्याच बाजाराच्या आकड्यांवर ते घासून पाहिलं तर ते बहुतेक वेळा टिकत नाही, आणि विकणाऱ्याला हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याचा विश्वास उडतो.

ते आकडे मी त्याच दुपारी त्याला वहीवर मांडून दाखवले. ३१ मार्च २००३ ला सेन्सेक्स ३,०४९ वर होता. समजा त्या दिवशी कुणी पाच लाख सेन्सेक्समध्ये आणि पाच लाख ठेवीत ठेवले. ठेवीला सरसकट ७ टक्के व्याज धरू, लाभांश आणि कर सोडून देऊ. अशी दोन माणसं घेऊ. पहिल्याने पुढे काहीच केलं नाही. दुसरा दर ३१ मार्चला निम्मे-निम्मे करत राहिला.

एकाच वर्षात, ३१ मार्च २००४ ला सेन्सेक्स ५,५९१ झाला. दुसऱ्या माणसाच्या पाच लाखांचे ९ लाख १७ हजार झाले, ठेव ५ लाख ३५ हजार. निम्मे-निम्मे करायला त्याला शेअरमधले एक लाख ९१ हजार काढून ठेवीत टाकावे लागले. पुढच्या वर्षी बाजार १६ टक्के वाढला, त्यापुढच्या वर्षी ७४ टक्के. म्हणजे २००४ साली काढलेले पैसे आत राहिले असते तर दोन वर्षांत दुप्पट झाले असते. मार्च २००६ ला सेन्सेक्स ११,२८० वर, आणि याला पुन्हा दोन लाख ७० हजार काढायचे होते. २००७ ला पुन्हा काढणं, २००८ ला पुन्हा काढणं. सलग पाच वर्षं विकायचं आणि पाचही वर्षं विकलेलं पुढे वर गेलेलं पाहायचं, किंवा जाईल या धास्तीत राहायचं. या काळात कॉलनीतल्या कट्ट्यावर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा माणूस काय ऐकत असेल याची कल्पना करा.

३१ मार्च २००८ ला, जानेवारीच्या उच्चांकावरून बाजार बराच खाली आल्यानंतरही, सेन्सेक्स १५,६४४ होता. पहिल्या, काहीच न करणाऱ्या माणसाकडे ३२ लाख ६७ हजार होते. शिस्तीत विकणाऱ्याकडे २८ लाख ७२ हजार. पाच वर्षांच्या शहाणपणाची किंमत चार लाखांना थोडे कमी.

पण पहिल्याच्या ३२ लाखांत आता साडेअठ्ठ्याहत्तर टक्के शेअर होते, आणि हे त्याला ठाऊकही नसणार. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली, ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या प्रमुखांनी स्वतःच हिशेबातल्या खोट्या आकड्यांची कबुली दिली. ३१ मार्च २००९ ला सेन्सेक्स ९,७०९. पहिल्याचे ३२ लाख ६७ हजारांचे २३ लाख ४३ हजार झाले, सव्वानऊ लाख गेले, शेकडा २८. दुसऱ्याचे २८ लाख ७२ हजारांचे २४ लाख २८ हजार, म्हणजे शेकडा साडेपंधरा गेले. इथे तो पुढे निघून गेला.

गोष्ट इथेच संपवली तर ती सोयीची होते, आणि पुष्कळ लेख ती इथेच संपवतात. पण आपण एक वर्ष आणखी पुढे जाऊ. ३१ मार्च २०१० ला सेन्सेक्स १७,५२८ वर परतला. पहिल्याकडे ३६ लाख ७८ हजार, दुसऱ्याकडे ३४ लाख ९० हजार. काहीच न करणारा पुन्हा पुढे!

मेहुण्याने वहीवरून मान वर केली. "म्हणजे माझंच बरोबर की."

मिळकतीपुरतं त्याचं बरोबर होतं. शेअर दीर्घकाळात ठेवीपेक्षा जास्त वाढतात असं मानलं, तर शेअरमधून काढून ठेवीत घालण्याने सरासरीने मिळकत थोडी घटणारच, त्यात गूढ काही नाही. दोन्ही बाजू वर-खाली होत राहिल्या आणि शेवटी साधारण सारख्याच पोचल्या तर रीबॅलन्सिंगमुळे थोडी जादा कमाई होते. एकच बाजू वर्षानुवर्षं वर जात राहिली तर होत नाही. पण ते एक लाख ८८ हजार देऊन दुसऱ्या माणसाने काय घेतलं? त्याने आपल्या घसरणीचं माप घेतलं. निम्मे-निम्मे ठरवताना जेवढं पडू शकतं असं त्याला वाटलं होतं, तेवढंच पडलं. पहिल्यानेही निम्मे-निम्मेच ठरवलं होतं, पण त्याला तीन-चतुर्थांशाहून जास्त शेअर असलेल्या माणसासारखं पडावं लागलं. आणि मार्च २००९ मध्ये सव्वानऊ लाख गमावलेला, वृत्तपत्रांत रोज तेच वाचणारा माणूस २०१० पर्यंत हात न लावता थांबला, असं आपण वहीत गृहीत धरलंय. प्रत्यक्षात थांबतात का? ज्यांनी त्याच काळात ९ हजारांवर विकून कायमचा राम राम ठोकला ते दोघे-तिघे माझ्या ओळखीत आहेत. ते सगळे असेच होते, सुरुवातीला बेताचा वाटा ठेवणारे आणि नंतर तो फुगू देणारे.

शिवाय मुलीचं लग्न किंवा निवृत्ती नेमकी मार्च २००९ मध्ये आली असेल, तर २०१० चा आकडा त्याच्या काय कामाचा?

दुसऱ्या माणसाचं खरं अवघड काम मात्र पुढेच होतं. ३१ मार्च २००९ ला निम्मे-निम्मे करायला त्याला ठेवीतून तीन लाख २३ हजार काढून शेअरमध्ये घालायचे होते. आधी पाच वर्षं जिंकणारं विकायला जीव खाल्ला, आता बुडणाऱ्या होडीत पैसे टाकायचे. सात आठवड्यांनी, १८ मे २००९ ला, लोकसभेच्या निकालानंतरच्या पहिल्या सोमवारी सेन्सेक्स एका दिवसात १७ टक्के उसळला, व्यवहार थांबवावे लागले आणि बाजार १४ हजारांच्या पुढे बंद झाला. पण ३१ मार्चला हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला चांगल्या दिवसांत विकण्याची सवय लागलेली असते, तोच वाईट दिवसांत घेऊ शकतो, कारण त्याच्याकडे घ्यायला ठेव उरलेली असते. पहिल्याकडेही ठेव होती म्हणा, साडेसात लाखांची. दुसऱ्याकडे १५ लाख ३६ हजारांची होती.

विकताना हात का अडतो, याचं माझं निरीक्षण असं की त्यात हाव फारशी नसते, पुढे होणाऱ्या पश्चात्तापाची भीतीच जास्त असते. न विकता पडलं तर दोष बाजाराचा, अमेरिकेचा, युद्धाचा. विकल्यावर वाढलं तर दोष आपला, आणि तो आकडा रोज संध्याकाळी बातम्यांत दिसतो. ठेवीत ठेवलेल्या पैशांनी आपल्याला कुठल्या पडझडीतून वाचवलं हे मात्र कुठेच दिसत नाही. लागली नाही ती ठेच कुणाच्या लक्षात राहते?

इथे एक गल्लत फार होते. शेअर बाजारातली माणसं लगेच म्हणतील, अहो, वाढणारा शेअर विकून पडणारा धरून ठेवणं हीच तर सामान्य गुंतवणूकदाराची चूक! खरंच आहे. १९८५ साली हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन या अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी नेमकी हीच खोड दाखवून दिली होती, की लोक नफ्यातले शेअर घाईने विकतात आणि तोट्यातले उराशी धरून बसतात. पण ती गोष्ट एकेका कंपनीची. एक कंपनी पडली तर ती पुन्हा उठेलच असं नाही, सत्यमसारखी ती पोकळही निघू शकते. म्हणून चांगली कंपनी काढून रडक्या कंपनीत पैसे घालणं याला रीबॅलन्सिंग म्हणायचं नाही. हे गणित टोपल्यांचं आहे, शेअरची अख्खी टोपली, ठेव-रोख्यांची टोपली, कुणाकडे असेल तर सोन्याची. टोपलीच्या आत काय ठेवायचं हा वेगळा विषय.

आणि टोपलीलाही मर्यादा आहे. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला आणि त्या पातळीच्या वर बंद व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. चौतीस वर्षं. तिथे दरवर्षी वाटणी सावरणारा माणूस पुढची कित्येक वर्षं ठेवीतले पैसे पडत्या बाजारात ओतत राहिला असता. त्याने १९८९ च्या आधीच्या तेजीत विकलेलं असतं हा त्याचा आधार. पण म्हणूनच मी मेहुण्याला एक अट घातली. पुढच्या तीन वर्षांत लागणारे पैसे, त्याच्या बाबतीत मुलाच्या इंजिनिअरिंगची फी, या वाटणीत धरायचेच नाहीत. ते बाजूला. बाजार कितीही पडला तरी ते शेअरमध्ये जायचे नाहीत.

आता विकायचं कसं. मेहुण्याला वाटलं, आजच मोबाइलवरून बटण दाबलं की झालं. पण पाडवा रविवारी, दुसऱ्या दिवशी सोमवारी ईदची सुट्टी. म्हणजे मंगळवार १ एप्रिलच्या आधी विक्री होणारच नव्हती, आणि या दोन दिवसांच्या सुट्टीने त्याचा एक फायदा घालवला. इक्विटी फंड वर्षभराहून जास्त ठेवून विकला की नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, पण एका आर्थिक वर्षातला पहिल्या सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त असतो. शेअर आणि इक्विटी फंड मिळून सव्वा लाख. हे जुलै २०२४ पासूनचं. कर लागतो तो विकलेल्या रकमेवर नव्हे, तिच्यातल्या नफ्यावर. त्याच्या फंडात दर शंभर रुपयांत जवळजवळ ६२ रुपये नफा होता. म्हणजे तीन लाख नऊ हजार विकले तर एक लाख ९१ हजारांचा नफा, सव्वा लाख वजा जाता ६६ हजार करपात्र, उपकर धरून साडेआठ हजारांच्या थोडा वर कर. शुक्रवारी, २८ मार्चला अर्धं आणि १ एप्रिलला अर्धं विकलं असतं तर दोन वर्षांच्या दोन सव्वा लाखांत सगळं बसलं असतं, कर शून्य. पाडवा कधी मार्चात येतो, कधी एप्रिलात. म्हणून तारीख पाडव्याची धरायची तर हिशेब त्याच्या आधीच्या आठवड्यात मांडलेला बरा.

मग ठरलं असं की १ एप्रिलला दोन लाखांचा फंड विकायचा. त्यातला नफा एक लाख २४ हजार, सव्वा लाखाच्या जेमतेम आत. उरलेल्या एक लाखाच्या फरकासाठी त्याच्या महिन्याच्या बचतीतले पैसे वर्षभर फंडाऐवजी ठेवीत टाकायचे. नवे पैसे मागे पडलेल्या टोपलीत घालणं हा वाटणी सावरण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग, त्यात काही विकावं लागत नाही आणि मनही दुखत नाही. ज्याची जमा रक्कम अजून लहान आहे आणि महिन्याची एसआयपी त्या मानाने मोठी आहे, त्याचं बहुतेक काम यातच होतं.

तुमची एसआयपी असेल तर आणखी एक बारकावा. विकताना सगळ्यात जुनी युनिट आधी विकली गेली असं धरतात आणि प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात. वर्ष न झालेल्या युनिटवर नफ्याच्या २० टक्के कर, आणि पुष्कळ फंडांत एक टक्का एक्झिट लोडही. एकाच कंपनीच्या फंडातून दुसऱ्या फंडात 'स्विच' केलं, पैसे खात्यावर आलेच नाहीत, तरी करखात्याच्या लेखी ती विक्रीच. याने बरीच मंडळी फसतात. उलट पैसे खात्यावर आले की दुसराच धोका, ते दोन-तीन दिवसांत बँकेत जमा होतात आणि त्याच आठवड्यात फ्रिज बदलायची आठवण होते. विक्रीचा अर्ज करतानाच ठेवीची तारीख ठरवून टाकावी.

प्रॉव्हिडंट फंड आणि पीपीएफ असलेल्यांनी तेही ठेवीच्या टोपलीत मोजावेत, भले त्यातून पैसे सहज निघत नसले तरी. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापेक्षा जास्त भरताही येत नाहीत. तेव्हा हलवाहलव करायची ती हलणाऱ्या भागातच. राहतं घर मात्र या वाटणीत धरू नये.

वर्षातून एकदाच का? दर महिन्याला केलं तर कर आणि लोड वाढतात, आणि चांगली चाल मध्येच कापली जाते. पाच वर्षं केलं नाही तर मेहुण्यासारखं ६० चं ७५ होतं. तारखेत जादू नाही. वर्षातून एकदा पाहायचं, आणि ठरलेल्या वाट्यापेक्षा पाचेक टक्क्यांचा फरक पडला असेल तरच हात लावायचा. ६२ झालंय म्हणून धावाधाव नको. दिवाळी धरली तरी चालेल, फक्त लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताला विकायला कुणी तयार होत नाही हा माझा अनुभव.

आणि ज्याला यातलं काहीच जमणार नाही, त्याच्यासाठी शेअर आणि रोखे एकत्र ठेवणारे हायब्रिड फंड आहेत. ते आतल्या आत वाटणी सावरत राहतात आणि त्या आतल्या खरेदी-विक्रीवर आपल्याला कर लागत नाही. त्या सोयीची किंमत त्यांच्या खर्चात असते, आणि वाटा तुम्ही ठरवलेला नसतो, त्यांनी ठरवलेला असतो.

मेहुण्याने १ एप्रिलला सकाळी दोन लाखांची विक्री टाकली. त्या दिवशी सेन्सेक्स हजार-दीड हजार अंकांनी खाली आला. ७ एप्रिलला, अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धक्क्यात, दोन हजारांवर अंकांनी आणखी कोसळला. त्या संध्याकाळी त्याचा फोन, आवाजात साखर. "दाजी, तुम्हाला कसं कळलं हो?" मला काही कळलेलं नव्हतं, हे मी त्याला दोनदा सांगितलं. जूनच्या शेवटी सेन्सेक्स ८३ हजारांच्या पुढे गेला आणि पुन्हा फोन आला. या वेळी साखर नव्हती. ते दोन लाख आत असते तर किती झाले असते, याचा हिशेब त्याने पैशापर्यंत करून ठेवला होता.

"बरं, ते राहू दे," तो म्हणाला, "पुढचा पाडवा १९ मार्चला आहे. मी पाहिलं कॅलेंडरमध्ये. तेव्हा उरलेलं विकायचं झालं तर?"

"या वर्षाचा सव्वा लाख तू एप्रिलमध्येच वापरलास. १ एप्रिलपर्यंत थांबावं लागेल."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "आणि तोवर आणखी वाढलं तर?"

"तर जास्त विकावं लागेल."

त्याने फोन ठेवला.